मदत हवी आहे: गालिचा हाताच्या गाठींचा की टफ्टेड? पाठीचे आणि लवीचे फोटो टाकले आहेत

रानजाई
नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी १९८४ साली श्रीनगरहून एक गालिचा आणला होता. चार फूट बाय सहा फूट, गडद लाल, मध्ये पदक आणि भोवती वेलबुट्टी. सासरे आता नाहीत. घर बदलताना गालिचा माझ्याकडे आला आणि तो नीट धुऊन घ्यायचा म्हणून गालिचे धुणाऱ्याला बोलावलं. त्याने पालथा करून पाहिला आणि म्हणाला, "हा टफ्टेड आहे, मागे कापड चिकटवलंय. पाण्यात घातला तर सुटेल." अमेरिकेतला चुलत दीर मात्र फोटो बघून सांगतोय की हा हातानेच गाठी मारलेला आहे आणि चौरस इंचाला जवळजवळ ५०० गाठी आहेत.

तीन फोटो टाकते आहे: समोरची बाजू, पाठ (पूर्ण पाठीवर तपकिरी सुती कापड आहे) आणि एका टोकाच्या दशा. सासूबाईंना खरं काय ते सांगायचं आहे, आणि तो पाण्यात घालायचा की नाही हेही ठरवायचं आहे.

कोथरूडकर
पाठीला कापड म्हणजे टफ्टेडच, म्हणजे तयार कापडात बंदुकीने झुबके घुसवून मागून चिकाने चिकटवलेला. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची पाठ उघडी असते आणि समोरची नक्षी मागेही तेवढीच स्पष्ट दिसते. तिसऱ्या फोटोत दशा वरून शिवलेल्या आहेत, मशीनची शिलाई दिसतेय. खऱ्या गालिच्याच्या दशा म्हणजे त्याचेच उभे धागे, त्या शिवाव्या लागत नाहीत. धुणारा बरोबर सांगतोय.

अबोली
माझाही प्रश्न इथेच विचारते. माझ्याकडे काश्मीरचाच एक आहे, पण त्याला लव अजिबात नाही, सपाट आहे. आमच्या सतरंजीच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, याच्या नाहीत. वरून नक्षी सुबक आणि मागे अस्तर. अस्तराच्या फटीतून आत धाग्यांची टोकं दिसतात. मग हा सपाट विणीचा म्हणायचा ना?

ताणाबाणा
रानजाई, घाई करू नका. मी उत्तर प्रदेशात भदोहीला बावीस वर्षं निर्यातीच्या गालिच्यांची तपासणी केली, आता नागपूरला असतो. कोथरूडकरांनी सांगितलेल्या दोन्ही खुणा बहुतेक वेळा बरोबर ठरतात, पण त्या विणीच्या खुणा नाहीत. कापड आणि दशा नंतरही लावता येतात. तुमचा गालिचा चाळीस वर्षांचा आहे, तेवढ्या काळात त्याला कोणी काय काय जोडलं असेल ते आधी बाजूला काढायला हवं.

आता हे नवे फोटो काढा आणि इथे टाका. पहिला, पाठीचं कापड मध्यभागी चिमटीत धरून उचललेलं. दुसरा, दुसऱ्या टोकाच्या दशा जिथून निघतात ती जागा, अगदी जवळून. तिसरा, समोरून लव दोन्ही अंगठ्यांनी फाकवून तिच्या मुळाचा. आणि कापड कडेला शिवलेलं असेल तर कोपऱ्यावरची चार बोटं शिलाई उसवून कोपरा दुमडा, म्हणजे पाठ आणि लव एकाच फोटोत येतील. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड बाजूने पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की पाठीचे उंचवटे सपाट दिसतात, आणि बघायचे असतात ते उंचवटेच.

अबोलीताई, तुमच्या गालिच्याची वरची बाजू भिंगातून बघा. भरतकामातल्या साखळी टाक्यासारख्या बारीक कड्या दिसतात का?

अबोली
हो! सगळीकडे साखळीच आहे, फुलाभोवती गोल गोल फिरलेली.

ताणाबाणा
मग ते विणलेलं नाही, कापडावर आरी नावाच्या आकडीच्या सुईने भरलेलं आहे. काश्मीरमध्ये असे साखळी टाक्याचे गालिचे खूप होतात आणि आधाराचं कापड झाकायला मागे अस्तर लावतात. सपाट विणीत आडवा रंगीत धागा उभ्या धाग्यांतून खालीवर जातो आणि त्यानेच नक्षी होते, वेगळं कापड नसतं. किलीम असेल तर उजेडासमोर धरल्यावर दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तिथे बारीक फटी दिसतात. पण दोन्ही बाजू सारख्या नाहीत एवढ्यावरून सपाट वीण नाकारू नका. सुमाक नावाची वीण सपाट असूनही तिच्या मागे धाग्यांची टोकं लोंबतात.

रानजाई
ताणाबाणा काका, तुम्ही सांगितलेले सगळे फोटो काढले. कापड मध्यभागी सहज उचललं जातं, चिकटवलेलं नाही, फक्त चारी कडांना हाताने शिवलेलं आहे. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं की सरकारी क्वार्टरमध्ये असताना हा गालिचा भिंतीवर टांगला होता. पाठ भिंतीला घासू नये म्हणून शिंप्याकडून कापड लावून घेतलं होतं. तेव्हाच एका टोकाला कसर लागली होती, म्हणून त्या टोकाच्या दशा कापून नव्या शिवल्या. मी आधी टाकलेला फोटो नेमका त्याच टोकाचा होता.

ताणाबाणा
फोटो छान आलेत. आता जे दिसतंय ते सांगतो.

न दुरुस्त केलेल्या टोकाला लव संपल्यावर बोटभर रुंदीची साधी सपाट पट्टी आहे आणि तिच्यातूनच दशा बाहेर येतात. कुठे शिलाई नाही. म्हणजे हे मागावरचे उभे धागेच आहेत.

पाठीवर नक्षी पूर्ण दिसते. फक्त "दिसते" एवढ्यावर थांबू नका, कारण मशीनवर विणलेल्या गालिच्याच्या पाठीवरही नक्षी दिसते आणि त्यात भले भले फसतात. मी रांगा बघतो. तुमच्या फोटोत नाण्याच्या डावीकडे उंचवट्यांची एक आडवी रांग थोडी खाली झुकली आहे, पुढच्या दोन रांगांत ती सावरली आहे. विणणाऱ्याने पंजा नावाच्या फणीने धागा ठोकताना हात कमीजास्त पडला की असं होतं. मशीनच्या रांगा पट्टीने आखल्यासारख्या असतात.

पक्का पुरावा तिसऱ्या फोटोत आहे. लव फाकवल्यावर तळाशी प्रत्येक झुबक्याच्या मुळाला धाग्याचं आडवं वेटोळं दिसतंय, त्याने उभ्या धाग्यांच्या जोडीला धरलं आहे. ती गाठ. मशीनच्या मालात तिथे गाठ नसते, धागा आडव्या धाग्याखालून नुसता वळून वर आलेला असतो. टफ्टेडमध्ये झुबका सरळ कापडात घुसलेला दिसतो आणि त्याच्या बुडाशी चिकाचा थर असतो.

तुमचा गालिचा हाताने गाठी मारलेला आहे.

कोथरूडकर
मान्य. कापड चिकटवलंय की शिवलंय हे मी विचारायलाच हवं होतं. पण कापड खरंच चिकटवलेलं असेल आणि ते काढता येत नसेल, तर नुसत्या समोरच्या फोटोवरून काही सांगता येतं का?

ताणाबाणा
बऱ्याचदा येतं. टफ्टिंगची बंदूक चालवणारा कारागीर आधी फुलाची बाह्यरेषा मारतो आणि मग आतला भाग भरतो. त्यामुळे लव फाकवली की झुबक्यांच्या रांगा फुलाच्या कडेबरोबर वळत गेलेल्या दिसतात. गाठींच्या गालिच्यात रांगा कधीच वळत नाहीत. तिथे गोल पाकळीसुद्धा आलेखाच्या कागदावर चौकोन भरल्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी होते. मात्र लव दाट आणि उंच असेल तर फोटोत रांगच दिसत नाही, आणि तेव्हा मी फोटोवरून मत देत नाही.

रानजाई
हे वाचून बेडरूममधला छोटा गालिचा पालथा केला. २०१६ साली प्रदर्शनात घेतला होता, लेबलवर "हँडमेड" लिहिलं आहे. मागचं कापड गच्च चिकटलेलं आहे आणि उचलल्यावर फरशीवर पांढरी पूड पडली. दोन्ही टोकांच्या दशा शिवलेल्या आहेत. लव फाकवली तर रांगा पानाभोवती वळतात. म्हणजे हाच टफ्टेड. विकणाऱ्याने आम्हाला फसवलं का?

ताणाबाणा
लेबल खोटं म्हणता येणार नाही. बंदूक माणूसच हातात धरून चालवतो, म्हणून टफ्टेड मालही हँडमेड म्हणून विकला जातो. विचारायचं ते "हातगाठींचा आहे का?" असं. पूड पडते आहे ती आतल्या लेटेक्सची. वर्षं गेली की तो चीक सुकतो आणि भुगा होतो. झुबके त्याच्याच आधाराने टिकलेले असतात, म्हणून हा पाण्यात बुडवू नका, जोरात झटकूही नका. धुणाऱ्याचं म्हणणं या गालिच्याला तंतोतंत लागू आहे.

मोठा धुता येईल. पण आधी पांढरं सुती फडकं ओलं करून लाल रंगावर दोन मिनिटं दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर तो गालिचा घरी धुऊ नका.

रानजाई
आणि दीर म्हणतो त्या ५०० गाठी? मी पाठीवर एक इंच मोजला. आडवे ३२ उंचवटे आणि उभे १५. गुणाकार ४८० येतो.

ताणाबाणा
समोर एकाच गाठीच्या जाडीची उभी रेषा शोधा, पदकाची काळी कड चालेल. तिथे टाचणी टोचून मागे बघा. त्या रंगाचा एक उंचवटा आहे की शेजारी शेजारी दोन?

रानजाई
दोन. प्रत्येक रांगेत दोन काळे ठिपके शेजारी शेजारी.

ताणाबाणा
म्हणजे एका गाठीचे दोन उंचवटे दिसताहेत, कारण गाठीतले दोन्ही उभे धागे एकाच पातळीवर आहेत. आडव्या गाठी १६ धरा. १६ गुणिले १५, चौरस इंचाला २४०. दिराचा आकडा ठिपक्यांशी जुळतो, गाठी त्याच्या निम्म्याच. काही गालिच्यांत एक उभा धागा दुसऱ्याच्या मागे ढकललेला असतो, तिथे एका गाठीचा एकच उंचवटा दिसतो आणि निम्मे करायचे नसतात. म्हणून टाचणी.

कोथरूडकर
काश्मीरचाच असल्याचं सिद्ध होईल का?

ताणाबाणा
या फोटोंवरून नाही. काश्मिरी हातगाठींच्या गालिच्याला भौगोलिक मानांकन २०१६ साली मिळालं, त्यामुळे १९८४ च्या मालावर तसलं लेबल असणार नाही. सुती ताणा आणि अशीच वेलबुट्टी भदोहीतही होते. सासऱ्यांनी पावती ठेवली असेल तर शोधा.

रानजाई
पावती शोधते. एक राहिलं. लव चमकते, सासूबाई रेशीम म्हणतात.

ताणाबाणा
चमक फोटोवरून ओळखायला जाऊ नका. चमकवलेलं सूत आणि कृत्रिम रेशीम फोटोत अगदी रेशमासारखं दिसतं. पाठीच्या बाजूने सुटलेला एखादा धागा मिळाला तर चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम किंवा लोकर. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा कृत्रिम रेशीम.

रानजाई
कसर लागलेल्या टोकाला दोन सुटे धागे आहेत. सासूबाई उद्या येणार आहेत, त्यांच्यासमोरच जाळून बघते आणि इथे लिहिते.