'शून्य त्रुटी' म्हणजे त्रुटी आहे की नाही?

ऐरोलीची आई:
मुलगी यंदा अकरावीला, क्लासच्या सरांनी प्रॅक्टिकलचा प्रश्न मराठी करून पाठवलाय, सोबत स्क्रू गेजचे दोन फोटो. 'फोटो अ मधील शून्य त्रुटी लक्षात घेऊन तारेचा व्यास काढा.' तिने वाचलं की त्रुटी शून्य, म्हणजे चूक काहीच नाही, आणि पहिला फोटो बघितलाच नाही, दुसऱ्या फोटोतलं तारेचं वाचन सरळ 2.34 मिमी लिहून मोकळी. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं, आमच्या कंपनीच्या गेटवर 'शून्य अपघात' लिहिलंय त्यातला शून्य. शब्दच असा आहे की सरांचं चुकलंय?

कळवेकर:
सरांचं काही चुकलेलं नाही ताई, पुस्तकातला शब्द तोच आहे. पण फोटो अ मध्ये ड्रमवर 97 दिसतंय, म्हणजे मायनस एरर, मायनस म्हणजे वजा करायचं. 100 मधून 97 गेले, राहिले 3, म्हणजे 0.03. उत्तर 2.31.

नौपाडा लॅब:
कळवेकर, 3 बरोबर काढलेत, चिन्ह मात्र उलटं लागलंय. मी 20-22 वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये हीच यंत्रं मुलांच्या हातात देत आलोय आणि दर वर्षी निम्मी बॅच इथेच अडते.

आधी शब्दाचं. 'शून्य अपघात' मध्ये शून्य म्हणजे एकही नाही, अपघातांची संख्या. इथे मात्र ती शून्याची त्रुटी आहे, शून्य जिथे असायला हवा तिथे नाही. म्हणून मी तरी एकत्र लिहितो, शून्यत्रुटी, आणि बोलताना 'शून्याची चूक' म्हणतो, मग कुणी गोंधळत नाही.

आता फोटो अ बघा. तार नाहीये, दोन्ही टोकं एकमेकांना टेकलीयेत, म्हणजे वाचन शून्य यायला हवं. पण आडव्या रेषेसमोर 97 आहे आणि ड्रमचा शून्य रेषेच्या वर गेलाय, म्हणजे शून्य ओलांडून तीन घरं पुढे. एका फेऱ्यात स्क्रू 1 मिमी सरकतो, ड्रमवर घरं 100, तर एक घर 0.01 मिमी. म्हणजे हे यंत्र मोजायला सुरुवातच उणे 0.03 पासून करतं, तर तारेचं मापही तेवढंच कमी दाखवणार. कमी दाखवलेलं परत मिळवायचं. 2.34 अधिक 0.03, उत्तर 2.37.

कळवेकर:
अच्छा, म्हणजे त्रुटी उणे आणि दुरुस्ती अधिक. मी दोन्हीला एकच समजत होतो. पण मग 97 म्हणजे 0.97 का नाही धरायचं?

नौपाडा लॅब:
कारण ड्रमची कड मुख्य पट्टीच्या शून्याच्या अलीकडे गेलीये, तिथे आकडे छापलेले नसतात इतकंच. असते तर तुम्ही उणे 1 वाचलं असतं, त्यात 0.97 मिळवा, येतं उणे 0.03 च.

वागळे इस्टेट:
आमच्या वर्कशॉपमध्ये हे अधिक-वजा कोणीच करत नाही. सकाळी मायक्रोमीटर बंद करून बघायचं, शून्य हललेला दिसला की सोबतच्या छोट्या पान्याने स्लीव्ह फिरवून रेषेवर आणायचा. आणि बंद करताना मागची रॅचेट टकटक वाजेपर्यंतच फिरवायची, मुलं ड्रम धरून आवळतात आणि मग वाचन अजून पुढे जातं. व्हर्निअरला पण असंच करतात का?

नौपाडा लॅब:
बरोबर दादा, पण परीक्षेत पाना देत नाहीत. साध्या व्हर्निअरचा शून्य सहज हलवता येत नाही, तिथे हिशोबच करायचा. हिशोबही तोच, सरकत्या पट्टीचा शून्य डावीकडे गेला आणि आठवी रेघ जुळली तर 10 मधून 8 गेले, उणे 2 घरं, 0.1 मिमीचं घर असेल तर उणे 0.2 मिमी.

घणसोली:
माझा प्रश्न वेगळाय. भाच्याने वहीत 'लघुत्तम माप' लिहिलं, बाईंनी कापून 'लघुतम' केलं. काय बरोबर?

नौपाडा लॅब:
बाई बरोबर. लघु अधिक तम, लघुतम. महत्तम मध्ये महत् चा त् आधीपासून असतो म्हणून तिथे जोड येतो, तोच लोक इकडे ओढून आणतात.

ऐरोलीची आई:
शून्यत्रुटी समजली, लेकीलाही समजली. पण आता ती म्हणते झूम केलं तर 34 आणि 33 च्या मध्येच दिसतंय, आणि दुसरा फोटो जरा वरून काढलेला वाटतोय.

नौपाडा लॅब:
हे तिने छान पकडलं. ड्रमची कड रेषेपेक्षा उचललेली असते, वरून बघितलं की वाचन थोडं जास्त दिसतं. दोन्ही फोटो एकाच कोनातून असते तर दोन्हींकडे सारखंच वाढलं असतं आणि फरक काढताना गेलं असतं, उत्तर 2.37 च राहिलं असतं. पण पहिला समोरून असेल तर 2.36 सुद्धा असू शकतं. फोटोवरून मला ठरवता येत नाहीये, सरांनाच यंत्र परत बघायला सांगा.