नऊ वर्षांच्या मुलीशी पाळीबद्दल आत्ताच बोलावं का?

अमृता_सातारा
मुलीला नऊ पूर्ण झाली, चौथीत आहे. मागच्या महिन्यात म्हणाली, "आई, डाव्या बाजूला छातीत गाठ आहे, फ्रॉक घासला की दुखतं." डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वाढीची सुरुवात आहे, काळजी नको. आता पॅड, पोटात दुखणं, स्वच्छता हे सगळं तिला आत्ताच सांगावं की अकरा होईपर्यंत थांबावं? सासूबाई म्हणतात, एवढ्यात कशाला पोरीच्या डोक्याला ताप. आणि सांगायचंच तर किती?

दातेकाकू
थांबा थोडं. माझ्या भाचीने आपल्या लेकीला आठव्या वर्षीच सगळं समजावलं, चित्रं काढून. पोरगी महिनाभर रात्री उठून चड्डी तपासायची. शाळेत लाल रंग सांडला तरी रडायची. या वयाला रक्त म्हणजे लागलं, एवढंच कळतं. वेळ आली की आई जवळ असतेच ना?

मीनल८४
नऊव्या वर्षी पाळी हे नॉर्मल नाही हं. ताबडतोब हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्या, हाताचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात. माझ्या नणंदेच्या मुलीला इंजेक्शनं दिली होती पाळी थांबवायला. उगाच चर्चा करत बसू नका.

अमृता_सातारा
मीनल, पाळी आलेली नाही अजून. फक्त छातीची गाठ.

मीनल८४
अच्छा, मी घाईत वाचलं. मग ठीक आहे.

सिस्टर_निवृत्त
तीस-एक वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, त्यातून सांगते. वाट वयाची बघायची नसते, छातीची बघायची असते. ती गाठ आली की तिथून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, काही मुलींना दीडच वर्षात. म्हणजे अमृताची लेक बहुतेक अकराच्या आगेमागे, पण दहा-साडेदहालाही येऊ शकते. गाठ आधी एकाच बाजूला येते, दुसरी काही महिन्यांनी, हे नेहमीचं. दाबून बघायची नाही. आठ वर्षांच्या आत छाती वाढायला लागली किंवा दहाच्या आत पाळी आली तर मात्र मीनलताई म्हणतात तसं दाखवून यावं.

दातेकाकू, तुमची भाची चुकली ती वेळेत नाही, एका बैठकीत सगळं ओतण्यात. पोरीने गाठीबद्दल विचारलंय ना, मग तिथूनच सुरू करायचं. "तुझं शरीर मोठं व्हायला लागलंय. आता काखेत, खाली केस येतील. चड्डीवर कधी पांढरट चिकट डाग दिसेल, तो रोग नाही." बस, पहिल्या दिवशी एवढंच. हा पांढरा स्राव पाळीच्या आधी सहा महिने ते वर्षभर सुरू होतो, म्हणजे घरच्यांना तीच सूचना. खाज, घाण वास किंवा हिरवट रंग असेल तरच डॉक्टर.

काही दिवसांनी पॅड हातात द्यायचं. आमच्या केंद्रात मी बीटाचं पाणी वापरायचे. पॅड टेबलावर उघडायचं आणि एक छोटा चमचा, म्हणजे पाचेक मिली पाणी मुलीलाच त्यावर ओतायला लावायचं. डाग एवढा पसरतो की मुली "अय्या" म्हणून मागे सरकतात. मग सांगायचं, अख्ख्या पाळीत मिळून असे सहा ते आठ चमचे जातात, तेही चार-पाच दिवसांत. डाग मोठा दिसतो, रक्त थोडं असतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की रक्त संपून जाईल ही भीती उरत नाही. आणि एक जरूर सांगा, पहिल्यांदा लाल दिसेलच असं नाही. पुष्कळ मुलींना तपकिरी, चॉकलेटसारखा डाग दिसतो आणि त्यांना वाटतं शी लागली. लाजून चड्डी लपवतात.

रोहन_नाशिक
मी बाप म्हणून लिहितोय, चालेल ना? हल्ली ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देतात म्हणून पाळी लवकर येते असं वाचलं. आम्ही चिकन बंद केलं. दुसरं, बायको म्हणते मुलीला दुखण्याचं आधीच सांगून ठेवू, म्हणजे तयारी राहील. तिला स्वतःला कॉलेजात असताना फार त्रास व्हायचा, दर महिन्याला एक दिवस आडवी.

सिस्टर_निवृत्त
रोहनदादा, बापाने जरूर बोलावं. चिकन बंद करून काही होत नाही. कोंबडी लवकर वाढते ती जातीमुळे आणि खाद्यामुळे. मुलीचं वजन जास्त असेल तर पाळी लवकर येण्याकडे कल असतो, हे मात्र खरं. म्हणजे बंद करायचंच असेल तर रोजची बिस्किटं आणि वेफर्स बघा.

दुखण्याचं अर्धं बरोबर आहे. बहुतेक मुलींना पहिल्या काही पाळ्या फारशा दुखतच नाहीत, कारण बीज दर महिन्याला बाहेर पडायला सुरुवात झालेली नसते. खरं दुखणं कधी सहा महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी सुरू होतं. म्हणून "खूप दुखतं" सांगून बसवलंत तर ती विनाकारण घाबरेल आणि "काही दुखत नाही" सांगितलंत तर सातवीत पोटात कळ आली की तिला वाटेल आपल्यालाच काहीतरी झालंय. असं सांगा: "ओटीपोटात, कमरेत आवळल्यासारखं होईल, एक-दोन दिवस. गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटतं. सहन होत नसेल तर मला सांग, गोळी असते."

प्रज्ञा_के
गोळी म्हणजे मेफ्टाल घरात ठेवावी. मी अर्धी करून मुलीला देते, वाटलं तर परत अर्धी.

सिस्टर_निवृत्त
असं नका करू, प्रज्ञा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, अर्ध्या-पावावर नाही. एकदा डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवा. बाकी एवढं खरं आहे की गोळी काही खाऊन, दुखायला लागल्या लागल्या घेतली तर लागू पडते. कळ असह्य होईपर्यंत थांबलं की मग उपयोग कमी. गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल तर "बायकांना असतंच" म्हणून सोडून द्यायचं नाही.

शाळामास्तरीण
जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. चर्चेत एक गोष्ट राहतेय, ती म्हणजे चड्डी. नऊ-दहाच्या मुली सैल, पाय उघडे असलेल्या चड्ड्या घालतात. त्यावर पॅडचे पंख बसत नाहीत, पॅड सरकून मागे जातं आणि स्कर्टला डाग. घट्ट बसणाऱ्या दोन-तीन सुती चड्ड्या आत्ताच घ्या आणि घरी एकदा पॅड लावून तिला चालायला, पळायला, मांडी घालून बसायला लावा. मोठ्या बायकांचं एक्स्ट्रा लार्ज तिला गादीसारखं होतं, लहान आकाराचं आणा, बिनवासाचं. वासाच्या पॅडने मांडीला पुरळ उठलेल्या मुली दरवर्षी बघते.

दप्तरात चेनची छोटी पिशवी ठेवा. त्यात दोन पॅड, एक चड्डी, वर्तमानपत्राचा तुकडा आणि छोटी प्लास्टिकची पिशवी. कोणत्या बाईंकडे जायचं ते नावानिशी ठरवून द्या. आमच्याकडे संडासात पाणी असतं पण डबा नव्हता. मुली सकाळचं पॅड चारपर्यंत तसंच ठेवायच्या. झाकणाचा डबा ठेवला आणि मधल्या सुट्टीत मुली बदलायला लागल्या.

दातेकाकू
आम्ही कापड वापरलं आयुष्यभर, काही झालं नाही. पॅडचा कचरा कोण उचलतो याचा विचार केलाय का कुणी?

शाळामास्तरीण
कचऱ्याचं तुमचं म्हणणं रास्त आहे काकू. पुण्यात कचरावेचक बायकांनीच मागणी लावून धरली होती, म्हणून पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळं द्यायची पद्धत सुरू झाली. मुलीला पहिल्याच दिवशी हे शिकवता येतं. कापडही चालतं, पण नऊ-दहाच्या मुलीने ते धुऊन उन्हात घालणं होत नाही. ती न्हाणीघरात टॉवेलखाली लपवते, ओलसर राहतं आणि खाज सुटते. घरी कापड, शाळेत पॅड असं करता येईल. डाग आधी गार पाण्यात काढायचा, गरम पाण्याने पक्का बसतो.

अमृता_सातारा
स्वच्छतेचं अजून सांगा ना. मी तिला इंटिमेट वॉश आणू का?

सिस्टर_निवृत्त
नको. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत साबण, डेटॉल काही जाता कामा नये, त्यानेच खाज सुरू होते. संडासानंतर पुढून मागे धुवायचं, ही सवय तर आजपासून लावा. कमी गेलं तरी पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, आधी आणि नंतर हात धुवायचे. डोक्यावरून आंघोळ पहिल्या दिवशीही चालते.

विद्या_ठाणे
माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला पाळी आली आणि नंतर अडीच महिने काहीच नाही. आई म्हणते रक्त आत साठतंय, काढा दे. देऊ का?

सिस्टर_निवृत्त
साठत नाही विद्याताई. पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे चालतं, एकवीस दिवसांनी आली काय नि पंचेचाळीसने आली काय. सुरुवातीला एखादा महिना चुकतोही. तीन महिने उलटले तर दाखवा, काढा नको. अमृता, तुमच्या मुलीलाही हे सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात तारखेची वाट बघत बसेल. तासा-दोन तासाला पॅड भिजतंय किंवा सात दिवसांपेक्षा जास्त चाललंय, तर मात्र लगेच कळवायचं, हे तिला आकड्यांनी सांगा. "जास्त जातंय" म्हटलं तर मुलांना कळत नाही.

दातेकाकू
बरं, टप्प्याटप्प्याने सांगा, मान्य. पण देवघराचं काय? माझ्या घरी चार दिवस बाजूला बसतातच, त्यात बायकांना विश्रांतीही मिळते. तेही आधी सांगायला हवं ना, की आयत्या वेळी पोरीचा अपमान?

सिस्टर_निवृत्त
विश्रांती द्या की, पलंगावर. कोपऱ्यात बसवून शिवू नको म्हटलं की दहा वर्षांची पोर एवढंच शिकते की आपण घाण झालो. मग ती पॅड बदलल्याचंही सांगत नाही, दुखल्याचंही.

दातेकाकू
आम्हाला कोणी घाण म्हटलं नव्हतं. रीत होती. सगळ्याच रिती मोडायच्या का?

अमृता_सातारा
इथेच माझी खरी अडचण आहे. सासूबाईंशी मुलीच्या आधी बोलावं लागणार. गौरी-गणपतीच्या आत बोलते, कारण तेव्हा घरात पंधरा माणसं असतात. पॅड आणि बीट मात्र या रविवारी. रोहन, तुमच्याकडे हे कोण बोललं?

रोहन_नाशिक
अजून कोणीच नाही. बायको म्हणते तू बोल, मी म्हणतो तू.

दातेकाकू
सासूबाईंशी बोलताना नवऱ्याला शेजारी बसवा. एकट्याने बोललात तर सुनेचे आधुनिक विचार म्हणून विषय बंद होईल.