दरवाढीच्या सूचनेत कारण कसं लिहावं

«कच्चा माल 20 टक्क्यांनी महागलाय. रोजच्या गिऱ्हाइकांसाठीच्या सूचनेत एवढंच कारण लिहिलं तर चालेल ना?»

नुसतं एवढंच लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं की प्रत्येक पदार्थ 20 टक्क्यांनी महागणार. आधी हिशोब करा. समजा, पदार्थाच्या किमतीत मालाचा वाटा 35 टक्के आहे. त्यावर 20 टक्के वाढ म्हणजे मूळ किमतीच्या फक्त 7 टक्के. इंधन, पगार, भाडं तेवढंच असेल, तर या कारणाने त्याहून जास्त वाढ पटवता येत नाही. पगारही वाढवले असतील तर तेही स्पष्ट लिहा. ते कारण लोक समजून घेतात.

मजकूर साधारण असा ठेवा: ‘येत्या 1 तारखेपासून पुढील पदार्थांचे दर बदलत आहेत. माल महागल्यामुळे ही सरासरी 7 टक्के वाढ करावी लागत आहे. पदार्थाचं प्रमाण आणि दर्जा तोच राहील. ज्यांनी आगाऊ पैसे भरले आहेत त्यांना मुदत संपेपर्यंत जुनाच दर लागू राहील.’ खाली जुना आणि नवा दर शेजारी शेजारी छापा. प्रमाण तेच राहील असं लिहिलंत तर ते खरोखर पाळा, रोज येणाऱ्याला लहान झालेली वाटी पहिल्याच दिवशी दिसते.

सूचना दोन आठवडे आधी लावा, गल्ल्यापाशी आणि आत शिरतानाही. सगळ्यात जास्त वाद होतात ते मेनूकार्डवर जुना दर आणि बिलात नवा दर असला की. कार्ड, फलक आणि बिलाचं मशीन एकाच रात्री बदला. एखादं जुनं कार्ड टेबलावर राहिलंच, तर त्या दिवशी जुन्या दरानेच पैसे घ्या.