सभासद क्रमांकातली सुरुवातीची शून्यं: साठवायची की नुसती दाखवायची?

डिचोलीचा खतावणीवाला

आमच्या पतसंस्थेची जुनी टाइप केलेली सभासद यादी स्कॅन करून ओसीआर केली आणि तक्ता एक्सेलमध्ये चिकटवला. 00417 चा 417 झाला. मी कॉलमला `00000` हा कस्टम फॉरमॅट दिला, सगळं यादीत होतं तसं दिसायला लागलं. ऑफिसमधली सहकारी म्हणते हे चालणार नाही, नंबर मजकूर म्हणूनच ठेवायला हवेत. मला तो हट्ट वाटतो. आकडा आकडाच राहिला तर क्रम नीट लागतो आणि काउंटरवर नुसतं 417 टाकलं तरी सभासद सापडतो. पिनकोडचंही असंच करणार आहे. तुमचं मत?

सत्तरीकर

तुमच्याच बाजूने. पिनकोडची तर काळजीच सोडा. आपल्या देशात पिन शून्याने सुरू होतच नाही, आणि गोव्यातले सगळे 403 वाले. पणजी 403001, म्हापसा 403507. जायला शून्य आहेच कुठे?

सभासद नंबर Text केलात की प्रत्येक सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो, आणि एका शीटमध्ये मजकूर, दुसरीत आकडा असं झालं की VLOOKUP तोंडावर `#N/A` मारतो. फॉरमॅट दिलाय ना? विषय संपला.

पर्वरीकर

सत्तरीकर, पिनचं तुमचं म्हणणं बरोबर, पण देशातल्या पत्त्यांपुरतं. यादीत जर्सी सिटीला राहणारा एखादा सभासद निघाला की 07306 चा 7306 होणार. पिनच्या रकान्यात तेवढे परदेशी पत्ते एकदा डोळ्याखालून घाला.

खतावणीवाले, कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये `=LEN(A2)` लिहून बघा. A2 मध्ये 00417 दिसतंय आणि उत्तर 3 येतंय, तर ती दोन शून्यं फक्त रंगवलेली आहेत, सेलमध्ये नाहीत. तेवढ्यावरून फॉरमॅट वाईट ठरत नाही. सगळे नंबर पाच अंकीच असतील तर शून्यं कधीही परत भरता येतात, कारण किती भरायची ते माहीत असतं. म्हणून आधी सांगा, यादीतले सगळे नंबर एकाच लांबीचे आहेत का?

डिचोलीचा खतावणीवाला

LEN 3 च आलं. लांबीचं म्हणाल तर सगळे सारखे नाहीत. आमची म्हापशाची शाखा आधी वेगळी संस्था होती, त्यांचे नंबर चार अंकी. आमचे पाच अंकी. विलीनीकरणानंतर कुणाचेच बदलले नाहीत, पासबुकांवर आणि शेअर सर्टिफिकेटांवर तेच आहेत. शाखेचा वेगळा रकाना यादीत नाही, नंबर बघूनच कळतं कोण कुठला.

पर्वरीकर

मग तुमच्या सहकारी बाई बरोबर आहेत, आणि हा आता आवडीनिवडीचा प्रश्न राहिला नाही.

म्हापशाचा 0417 आणि डिचोलीचा 00417 घ्या. यादीत ही दोन वेगळी माणसं आहेत. चिकटवताना दोघांचंही 417 झालं, आणि `00000` लावल्यावर दोघंही 00417 दिसायला लागले. म्हापशाचा सभासद शीटमधून नाहीसा झाला आणि डिचोलीत त्याच नंबरचा दुसरा उभा राहिला. उद्या लाभांशाची यादी VLOOKUP ने जोडलीत की तो वरून पहिली सापडेल ती ओळ उचलणार. दोन्ही ठिकाणी त्याच एका माणसाचं नाव आणि बँक खातं येईल. `#N/A` आला असता तर निदान कळलं तरी असतं. इथे काहीच लाल होत नाही, बेरीजसुद्धा जुळते.

417 कडे बघून त्याच्या मागे एक शून्य होतं की दोन, हे कुठलाही फॉर्म्युला सांगू शकत नाही. ते फक्त स्कॅनमध्ये आहे आणि ओसीआरच्या मूळ फाइलमध्ये. ती फाइल ठेवली आहे ना?

डिचोलीचा खतावणीवाला

आहे, .txt आहे, टॅबने रकाने वेगळे केलेले. आत्ता नोटपॅडमध्ये उघडून बघितली, त्यात 0417 आणि 00417 दोन्ही दिसतायत. म्हणजे ओसीआरने खाल्लं नाही, एक्सेलनेच खाल्लं. आता आहे त्या शीटमध्ये कॉलम Text करून टाकू का?

पर्वरीकर

नको, आता Text केलंत तर 417 हेच मजकूर होऊन बसेल. गेलेली शून्यं परत येत नाहीत. नवी कोरी शीट घ्या, आधी सगळे रकाने Text करा आणि मग नोटपॅडमधून चिकटवा. वर्डमधला तक्ता चिकटवत असाल तर साधं Ctrl+V नको, Match Destination Formatting निवडा, नाहीतर वर्ड आपलं फॉरमॅटिंग घेऊन येतं आणि तुमचं Text पुसून टाकतं.

किंवा Data मेनूतून From Text/CSV ने फाइल आत घ्या आणि Data Type Detection मध्ये `Do not detect data types` निवडा. मग मथळ्याची ओळसुद्धा साधी ओळ म्हणून आत येते, तेवढी नंतर वर घ्या.

फोंड्याचा बाब

माझंही असंच झालंय. वन-फोर्टीनच्या उताऱ्यांवरून सर्व्हे नंबरांची यादी केली. 12/3 चं 12-Mar झालं, पण 145/3 तसंच राहिलं. त्यालाही `00000` लावायचं का?

पर्वरीकर

नाही हो बाब, तुमच्याकडे शून्याचा संबंधच नाही. 12/3 ही तारीख होऊ शकते म्हणून झाली, 145 तारखेचा दिवस नसतो म्हणून ते वाचलं. उपाय मात्र तोच, आधी Text, मग चिकटवणं. ज्यांच्या तारखा झाल्या आहेत त्या उताऱ्यावरून पुन्हा भरा.

सत्तरीकर

बरं, दोन लांब्यांचे नंबर असतील तर मजकूर, मान्य. पण शेवटी फाइल CSV करूनच ऑडिटरला पाठवायची ना? CSV मध्ये शून्यं जातातच. मग एवढा खटाटोप कशाला?

पर्वरीकर

CSV मध्ये शून्यं जात नाहीत. एक्सेल CSV लिहिताना सेलमध्ये जसं दिसतं तसंच लिहितं. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, शून्यं दिसतील. तीच फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की जातात, कारण उघडताना एक्सेल पुन्हा अंदाज बांधतं. आणि मग सवयीने कुणी Ctrl+S दाबलं की फाइलमधूनही जातात. ऑडिटरला .xlsx पाठवा आणि विषय मिटवा.

मायक्रोसॉफ्ट 365 असेल तर File, Options, Data मध्ये Automatic Data Conversion खाली शून्यं काढून टाकण्याची खूण आता बंद करता येते. पण ती सोय तुमच्या मशीनवर. समोरच्याच्या मशीनवर काय चालू आहे ते तुमच्या हातात नाही.

हिरव्या त्रिकोणाचं मात्र तुमचं बरोबर, तो त्रास आहेच. त्यावर क्लिक केलं की यादीत Convert to Number दिसतं, आणि कुणीतरी मदत म्हणून अख्खा रकाना निवडून ते दाबतं. Ignore Error करून ठेवा.

मयेची लेखनिक

मी हेच काम करते म्हणून एक भर घालते. मजकूर करून झाल्यावर कुठला नंबर दोनदा आलाय का हे तपासायला सगळे COUNTIF लावतात. इथे लावू नका. COUNTIF मजकुरातले आकडेसुद्धा आकडे म्हणून मोजतं, त्याला 0417 आणि 00417 एकच वाटतात. दोन्ही शेजारी व्यवस्थित असतानाही उत्तर 2 येतं, आणि मग माणूस बरोबर असलेली ओळ दुबार समजून उडवतो. त्याऐवजी हे घाला:

```
=SUMPRODUCT(--($A$2:$A$2000=A2))
```

हे अक्षराला अक्षर ताडून बघतं.

आणि LEN वर एकट्यावर विसंबू नका. ओसीआरने शून्याच्या जागी इंग्रजी O वाचला तरी LEN 5 च येतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा लावून ओसीआर केलं असेल तर आपलं देवनागरी ० सुद्धा घुसतं, आणि डोळ्यांना तिन्ही सारखीच. `=UNICODE(A2)` पहिल्या अक्षराचा नंबर देतं: 48 आला तर खरं शून्य, 79 म्हणजे O, 2406 म्हणजे देवनागरी. रकान्याला फिल्टर लावलं की बिनशून्याचे एका नजरेत मिळतात.

डिचोलीचा खतावणीवाला

नव्याने चिकटवून COUNTIF आणि तुमचं सूत्र शेजारी-शेजारी लावून बघितलं, 0417 ला पहिलं 2 म्हणतं, दुसरं 1. शिवाय 79 वाल्या बऱ्याच ओळी निघाल्या, सगळ्या एकाच पानावरच्या, जिथे संस्थेचा गोल शिक्का नंबरांवर पडलाय.

पण एक गोष्ट मला अजून पटत नाही. काउंटरवरचा माणूस शून्यं मोजत बसणार नाही. 417 टाकणार आणि "सभासद सापडत नाही" म्हणून समोरच्याला परत पाठवणार. त्यापेक्षा M-0417 आणि D-00417 असं करून टाकू का? गोंधळच संपेल, आणि एक्सेलही त्याला हात लावणार नाही.

सत्तरीकर

ह्याला माझा जोरदार पाठिंबा. अक्षर लागलं की सगळ्याच कटकटी गेल्या.

मयेची लेखनिक

माझा विरोध. शेअर सर्टिफिकेटवर 0417 छापलंय. M-0417 असा नंबर जगात कुठेच नाही, तो तुमच्या शीटपुरता. वारसाचं प्रकरण आलं आणि यादीत एक, कागदावर दुसरं असं निघालं की उत्तर कोण देणार? नंबर बदलायचा तर संचालक मंडळाचा ठराव हवा. शाखेचा वेगळा रकाना करा आणि नंबराला हात लावू नका. काउंटरवाल्याने आधी शाखा निवडावी, मग नंबर टाकावा.

पर्वरीकर

छापील नंबर जसाच्या तसा ठेवायचा, इथपर्यंत मी लेखनिकताईंबरोबर आहे. पण शेजारी M-0417 ची चावी म्हणून दुसरा रकाना असला तर माझी हरकत नाही, फक्त शीटा जोडायला, पत्रावर छापायला नाही. त्यांना तोही नको असेल तर त्यांचं कारण मला समजतं. असे "तात्पुरते" रकाने पुढे पत्रांवर छापले गेलेले मी पाहिलेत.

शाखेचा रकाना मात्र आत्ताच भरून घ्या, नंबर मजकूर आहेत तोवर: `=IF(LEN(A2)=4,"म्हापसा",IF(LEN(A2)=5,"डिचोली","तपासा"))`. "तपासा" जिथे येईल तिथे ओसीआरने एखादा अंक खाल्लाय किंवा मोकळी जागा चिकटवलीय. शिक्क्याच्या पानावर तर कुठलंच सूत्र लावू नका. ते पान स्कॅनवरून हाताने भरा, एकाने वाचावं आणि दुसऱ्याने टाइप करावं. शिक्क्याच्या शाईखाली गेलेलं शून्य ओसीआरला दिसलंच नसेल, तर डिचोलीचा 00417 हा 0417 होऊन "म्हापसा" म्हणून बिनबोभाट पास होईल.

फोंड्याचा बाब

म्हणजे माझ्या 12-Mar वाल्यांवर LEN लावू का?

मयेची लेखनिक

लावा बाब. तारीख झालेल्या सेलचं LEN 5 येईल, कारण आत तारखेचा पाच अंकी नंबर बसलाय. पण 145/3 चंही 5 च येतं, तेव्हा त्यावरून ओळखू नका. `=ISNUMBER(A2)` लावा. TRUE आलेल्या सगळ्या ओळी पुन्हा उताऱ्यावरून.