एकाच नोटिशीत तीन वाक्यं: स्वल्पविराम कुठे संपतो?

सोसायटीची चिटणीस: आमच्या नोटिशीतलं वाक्य असं होतं: "थकबाकी महिनाअखेरपर्यंत भरावी, कार्यालय सोमवारपर्यंत बंद राहील, त्यानंतर दंड लागेल." मंगळवारी दोघं जण भांडायला आले, "सोमवार उलटला की लगेच दंड?" म्हणून. स्वल्पविराम चुकला का?

पुणेरी: मराठीत स्वल्पविराम श्वासासाठी असतो. मोठ्याने वाचा, थांबाल तिथे द्या. तुमचे बरोबर आहेत.

मुद्रितशोधक: मोठ्याने वाचणं चांगलं, पण ते पुरत नाही. श्वासावर गेलं की "आमच्या शाखेतील सर्व खातेदारांनी, कागदपत्रे आणावीत" असं होतं. तिथे कर्ता आणि क्रियापद उगाच तुटतात. मी वाक्य संपवणारी क्रियापदं मोजतो. इथे तीन आहेत: भरावी, राहील, लागेल. नुसत्या तीन क्रियापदांनी काही बिघडत नाही. "तो आला, बसला, निघून गेला" हे चांगलं मराठी आहे, कारण माणूस एकच आणि क्रम सरळ. तुमच्याकडे मात्र थकबाकी, कार्यालय आणि दंड अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे पूर्णविरामच हवा.

चिटणीस: म्हणजे दोन स्वल्पविरामांच्या जागी पूर्णविराम दिले की झालं?

मुद्रितशोधक: नाही ना! "कार्यालय सोमवारपर्यंत बंद राहील. त्यानंतर दंड लागेल." यातही 'त्यानंतर' सोमवारलाच चिकटतं. क्रम बदला: "थकबाकी महिनाअखेरपर्यंत भरावी. त्यानंतर दंड लागेल. कार्यालय सोमवारपर्यंत बंद राहील." आता 'त्यानंतर'च्या आधी एकच मुदत आहे. शक्य असेल तर 'त्यानंतर'ऐवजी तारीखच लिहा.

सरकारी टेबलावरून: आमच्याकडे वेगळंच. साहेब "कळविण्यात येते की," असा 'की'नंतर स्वल्पविराम मागतात. मी तो काढला तर फाईल परत येते.

मुद्रितशोधक: मी काढतो. 'की' स्वतःच दोन वाक्यं जोडतो. पण पुढे अवतरण असेल तर ठेवतो. छापील मजकुरात दोन्ही दिसतं, त्यामुळे साहेबांना चूक म्हणणार नाही. तुमच्या टेबलावर त्याहून मोठं दुखणं 'असून'चं. "काम पूर्ण झाले असून, देयक सादर केले असून, मंजुरी प्रलंबित असून…" यात वाक्य संपवणारं क्रियापद येतच नाही, म्हणून माझी मोजणीही फसते. एका वाक्यात दुसरा 'असून' आला की मी तिथे वाक्य तोडतो.

पुणेरी: पण जुन्या पोथ्यांत विरामचिन्हं म्हणून फक्त उभ्या रेघांचे दंड असायचे, तरी लोकांना कळायचंच की.

मुद्रितशोधक: कळायचं, ओवीला चरण असतात म्हणून. गद्यात तो आधार नसतो. १९व्या शतकात मेजर कँडींनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवली, ती छापील गद्याच्या काळात.

सरकारी टेबलावरून: 'असून' तोडला तर टिपणी उद्धट वाटते, असं साहेब म्हणतात. त्याचं काय करू?

चिटणीस: नवी नोटीस लावली, तारखेसह. 'की'चं मात्र मलाही अजून पटलेलं नाही.