कूलरच्या स्टँडवर पारव्याची पिल्लं आणि आईचा खोकला : जाळी केव्हा, कशी लावावी?

रानवाट
आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. वरच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर आहे आणि त्याला लागून सज्जावर एसीचं बाहेरचं युनिट. दोन्हींच्या सांदीत पारव्यांनी काड्या टाकल्या. आता दोन पिल्लं आहेत, अंगावर पिवळी लव, पिसं नुकतीच फुटताहेत. विष्ठेचा थर साचतो आणि आई तो रोज खराट्याने झाडते.

आईला दिवाळीपासून कोरडा खोकला आहे. जिना चढली की धाप लागते. अँटिबायोटिकनं काही फरक पडला नाही. थुंकीत टीबी निघाला नाही, एक्स-रेही साफ आहे म्हणाले. उन्हाळा तोंडावर आहे, कूलर लावावाच लागेल. जाळीवाला म्हणतो, उद्याच लावून देतो. मग पिल्लांचं काय? आणि खोकला त्यांच्यामुळेच असेल का?

सुधा_नागपूर
एसी अजिबात लावू नका, त्यातूनच घाण हवा आत येते. हे फुफ्फुसाचं इन्फेक्शन आहे, अजून जोरदार अँटिबायोटिक लागेल.

वऱ्हाडी_गडी
आमच्या गोदामात बी पारवे लय झाले बाप्पा. सोयाबीनच्या पोत्यावर घाण करतात. प्लास्टिकचा घुबड टांगला, चार रोज भ्याले, मंग त्याच्याच डोक्यावर बसाले लागले. जाळी कितीले पडते, कोणी सांगन काय?

छातीची_ओपीडी
सुधाताई, विष्ठेतून बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग होतो हे खरं, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असेल तर. पण महिनोन्‌महिने कोरडा खोकला, चढताना धाप आणि अँटिबायोटिकचा उपयोग नाही, असं दिसलं की मला आधी वेगळी शंका येते. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज छातीत जाते, शरीर तिच्याशी झगडतं आणि त्या झगड्यात फुफ्फुस सुजतं. ही ॲलर्जी आहे, त्यात जंतू नसतातच. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो. छातीचा एचआरसीटी काढावा लागतो. सेवाग्रामला दाखवा आणि पारव्यांची गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ती सहसा कोणी विचारत नाही. औषध ते ठरवतील, पण धूळ थांबली नाही तर औषध पुरत नाही. फुफ्फुसावर पडलेले वण पुढे भरून येत नाहीत.

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. खरा धोका कूलरचा आहे, तो बाहेरची हवा खेचून आत फेकतो. पिल्लं उडेपर्यंत कूलर त्या खिडकीत चालवूच नका, दुसऱ्या खिडकीला हलवा. आईच्या हातातला खराटा आजच काढून घ्या. आणि एक विचारते, घरात ओलसर कुटार किंवा कडबा आहे का? त्याच्या बुरशीनंही अगदी असंच होतं. कूलरच्या जुन्या खसानंही होतं.

रानवाट
कुटार आहे, गोठ्यात आईच टाकते. संक्रांतीला ती बहिणीकडे नागपूरला राहिली तेव्हा खोकला बराच कमी होता, परत आली की वाढला.

छातीची_ओपीडी
म्हणजे कारण घराशी जोडलेलं दिसतं. पण तिकडे पारवे नव्हते तसं कुटारही नव्हतं, त्यामुळे यावरून दोन्हींत निवड करता येत नाही. तपासणी होईपर्यंत दोन्हींपासून लांब ठेवा.

जाळीकाम_वर्धा
उद्या जाळी लावू देऊ नका. पिल्लं आत कोंडली तर आईबाप चारू शकत नाहीत, ती उपाशी मरतात आणि तिथंच सडतात. अंड्यातून निघाल्यापासून उडायला चार ते पाच आठवडे लागतात. डोक्यावरची पिवळी लव गेली, पंख पूर्ण भरले की समजा जवळ आलं. रोज पाहत राहा, कारण पिल्लं उडायच्या आधीच मादी पुन्हा अंडी घालू शकते. दोन्ही उडाली की त्याच दिवशी घरटं काढा.

काढणाऱ्याला एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेत. आधी पाण्यानं सगळं भिजवायचं, मऊ झालं की खरवडून पिशवीत भरायचं. कोरडं झाडायचं नाही. युनिटची वीज आधी बंद करा. आई त्या वेळी घरात नको.

जाळी उन्हात टिकणारी नायलॉनची घ्या. पारव्याला दोन इंची भोक चालतं, पण चिमण्याही आत जातील म्हणून मी पाऊण इंची लावतो. चारी बाजूंना हुक मारून तार ओवायची आणि जाळी ताणून बांधायची. सैल राहिली तर पक्ष्याचा पाय अडकतो, रात्रभर फडफडत मरतो. हातानं दाबून बघा, झोल पडला तर पुन्हा ताणायला लावा. एसी दुरुस्तीसाठी एक बाजू उघडता येईल अशी ठेवायला सांगा, नाहीतर मेकॅनिक कापून मोकळा होतो आणि त्याच भोकातून पारवे परत शिरतात.

वऱ्हाडी_गडी
दादा, गोदामाले बी हीच चालन काय? वरून पत्रे हायेत, मधात फट हाय.

जाळीकाम_वर्धा
चालेल, पण फटीचा फोटो टाका. पत्र्याची धार जाळी कापते.

रानवाट
सोमवारी आईला सेवाग्रामला नेतो. कूलर आज मागच्या खिडकीला हलवला, खसही नवीन आणतो. पडद्यांवर बसलेल्या धुळीचं काय करू, नुसतं धुऊन भागेल?