फ्रेंचमध्ये 'सी' नंतर भविष्यकाळ चालतो की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सध्या लिऑंला असते, फ्रेंच ए-टू झालंय. रविवारी पार्कात पिकनिकचा प्लॅन होता आणि पावसाचा अंदाज होता, म्हणून मी मैत्रिणीला म्हटलं, "सील प्लव्रा, ओं निरा ओ म्यूझे", म्हणजे पाऊस पडला तर म्यूझियमला जाऊ. तिने लगेच सुधारलं, "सील प्लऽ" म्हण, 'सी' नंतर वर्तमानकाळच, भविष्य फक्त पुढच्या भागात, 'इरा'मध्ये. हे पटलं, आपणही 'पडेल तर' न म्हणता 'पडला तर' म्हणतोच की.

पण संध्याकाळी शेजारच्या आजी जिन्यात म्हणाल्या, "झ न से पा सील प्लव्रा दमँ"!! उद्या पाऊस पडेल की नाही माहीत नाही. इथे 'सी' नंतर भविष्यकाळ कसा काय आला? मला वाटतं पहिला 'सी' म्हणजे आपलं 'जर' आणि दुसरा म्हणजे 'की नाही', म्हणून नियम वेगळा, बरोबर आहे का हे?

अजून एक, 'कां' म्हणजे 'जेव्हा' त्याच्यानंतर मात्र भविष्यकाळच लागतो ना, "कां इल फरा बो, ओं निरा ओ पार्क", हवा छान होईल तेव्हा जाऊ? आणि समोर ढग भरून आलेत तेव्हा "इल वा प्लव्वार" म्हणायचं की "इल प्लव्रा"? माझ्या कानाला पहिलंच जास्त ऐकू येतं. जाणकारांनी प्लीज एकेक उदाहरण देऊन सांगा, शनिवारी परत प्लॅन ठरवायचाय.